पॉडकास्टच्या ट्रेलरची पहिली वीस सेकंदं: छोट्या गावातल्या उद्योजकाचं पहिलं वर्ष ऐकवताना

पॉडकास्टचा ट्रेलर साधारण साठ ते नव्वद सेकंदांचा असतो. त्यातली पहिली वीस सेकंदं कशी लिहायची, एवढ्यापुरताच हा लेख आहे. विषयही ठरलेला आहे: तालुक्याच्या किंवा छोट्या जिल्ह्याच्या गावात धंदा सुरू केलेली माणसं आणि त्यांचं अडचणीचं पहिलं वर्ष.

आधी मोजमाप करू. मराठीत नीट, न धावता बोललं तर मिनिटाला साधारण एकशे वीस ते एकशे तीस शब्द होतात. म्हणजे वीस सेकंदांत चाळीसच्या आसपास. त्यातली दोन-तीन सेकंदं आवाजाला आणि श्वासाला जातात. हातात तीस-पस्तीस शब्द उरतात. "नमस्कार मित्रांनो, आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत आहे, मी आपला निवेदक" एवढ्यावरच यातले दहा खर्च होतात आणि ऐकणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. स्वागत पहिल्या भागात करा. ट्रेलरमध्ये त्याला जागा नाही.

सुरुवात मुलाखतीतून येते

नवखे लोक ट्रेलर आधी लिहितात आणि मुलाखती नंतर घेतात. मग सुरुवातीला संघर्ष, जिद्द, स्वप्न असे शब्द येतात, कारण लिहिणाऱ्याकडे दुसरं काही नसतं. निदान दोन मुलाखती पूर्ण झाल्यावरच ट्रेलर लिहायला घ्या. सुरुवातीचं वाक्य उद्योजकाच्या तोंडचं असावं. निवेदकाने त्याला फक्त दोन-तीन छोट्या वाक्यांचा आधार द्यायचा.

असं वाक्य मुलाखतीत आपोआप मिळत नाही. "पहिलं वर्ष कसं गेलं?" असं विचारलं की "खूप कठीण होतं, पण शिकायला मिळालं" हेच उत्तर येतं. माणूस खोटं बोलत नसतो. प्रश्नच इतका मोठा असतो की उत्तर सारांशाचं होतं. त्याऐवजी वस्तू आणि दिवस विचारा. पहिलं गिऱ्हाईक कोण होतं आणि त्याने किती माल नेला? पैसे संपलेत हे कळलं तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? त्या आठवड्यात कोणाचा फोन उचलायचा टाळलात? घरी काय सांगितलं नव्हतं?

सगळ्यात उपयोगी पडते ती उधारीची वही. मुलाखतीला येताना पहिल्या वर्षाची वही घेऊन या, असं आधीच सांगून ठेवा. ती समोर उघडली आणि "यातली एक नोंद वाचून दाखवता का?" असं विचारलं की बोलणं एकदम बदलतं. पानं उलटल्याचा आवाज येतो, आकडा येतो, आणि त्या आकड्यामागचा माणूस आठवतो. वही मोबाइलमध्ये असेल तर तेच मोबाइलवर करायला सांगा.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ

समजा मुलाखत सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, लाकडी घाण्यावर तेल काढणाऱ्या एका उद्योजकाची आहे. हे उदाहरण फक्त पद्धत दाखवण्यासाठी रचलेलं आहे. तासाभराच्या ध्वनिमुद्रणातून चार वाक्यं वेगळी काढली:

> एक: "सुरुवातीला खूप संघर्ष केला, पण जिद्द सोडली नाही."
>
> दोन: "पहिल्या वर्षी अडीच लाखांचा तोटा झाला."
>
> तीन: "दुकानदार म्हणायचा, माल ठेवून जा, पैसे सोमवारी. सोमवार यायचा, पैसे नाही यायचे."
>
> चार: "शेंगदाणा रोखीनं घ्यायचा, तेल उधारीवर द्यायचं. तेल खपत होतं, आणि घाणा बंद पडायची वेळ आली होती."

पहिलं वाक्य कुठल्याही गावातल्या कुठल्याही धंद्याला लावता येईल, म्हणून ते बाद. दुसऱ्यात आकडा आहे, पण तो निकाल आहे. तोटा का झाला, हे त्यातून कळत नाही, आणि "का" हा प्रश्नही मनात उठत नाही, कारण नव्या धंद्यात तोटा होतो हे सगळ्यांना माहीतच असतं. तिसरं चांगलं आहे. त्यात माणूस आहे, वार आहे, बोलण्याचा ठेका आहे. ते ट्रेलरच्या मधल्या भागासाठी राखून ठेवा.

सुरुवात चौथ्याने करायची, कारण त्यात एक विसंगती आहे. माल खपत असताना धंदा बंद कसा पडेल? जो धंद्यात नाही, त्याला हे कोडं वाटतं. जो धंद्यात आहे, तो लगेच मान हलवतो. दोघंही पुढे ऐकतात, आणि ट्रेलरच्या पहिल्या वाक्याकडून एवढंच हवं असतं.

पण निवेदकाला हे कोडं स्वतःला सुटलेलं असलं पाहिजे. नाहीतर पुढची वाक्यं चुकीची लिहिली जातात. म्हणून कागदावर हिशेब मांडा. लाकडी घाण्यावर एक किलो शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. दिवसाला वीस किलो तेल काढायचं तर पन्नास किलो शेंगदाणे हवेत. भाव किलोला 120 रुपये धरला, तर रोज सहा हजार रुपये आडत्याला रोख मोजायचे. तेलाचे पैसे दुकानदार दीड महिन्याने देत असेल आणि आठवड्याला एक सुट्टी असेल, तर त्या दीड महिन्यात घाणा सुमारे अडतीस दिवस चालतो. सहा हजार गुणिले अडतीस म्हणजे जवळपास सव्वादोन लाख रुपये फक्त शेंगदाण्यापोटी बाजारात अडकलेले. पेंड रोखीनं विकून त्यातले थोडे सुटतात, पण वीज, मजुरी, बाटल्या आणि भाडं यात धरलेलंच नाही. शिवाय खप वाढला की अडकलेली रक्कमही वाढते. विक्री वाढल्यामुळे घाणा अडचणीत येतो, ही यातली खरी मेख आहे.

हा हिशेब ट्रेलरमध्ये सांगायचा नाही. त्याची जागा पहिल्या भागात आहे. पण तो केल्याशिवाय "मागणी नसल्याने घाणा बंद पडायची वेळ आली" असं चुकीचं वाक्य सहज लिहिलं जातं, आणि उद्योजक ते ऐकून हिरमुसतो.

निवेदकाची वाक्यं

पहिल्या प्रयत्नात निवेदक बहुधा असं लिहितो:

> "बार्शीसारख्या निमशहरी भागात कोणतीही व्यावसायिक पार्श्वभूमी नसताना केवळ जिद्दीच्या जोरावर लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय उभा करणाऱ्या तरुणाची ही प्रेरणादायी कहाणी आहे."

एकवीस शब्द, दहा सेकंद. यात दोन दोष आहेत, आणि ते वाचताना डोळ्याला दिसत नाहीत, कानाला मात्र लगेच जाणवतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तोवर ऐकणाऱ्याला आधीचं सगळं लक्षात धरून ठेवावं लागतं. छापील मजकुरात नजर मागे नेता येते, आवाजात ती सोय नाही. म्हणून निवेदकाचं वाक्य सहा-सात शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका आणि "करणाऱ्या", "असलेल्या", "झालेल्या" अशी विशेषणं एकामागून एक जोडू नका. दुसरा दोष त्याहून मोठा. "व्यवसाय उभा करणाऱ्या" म्हटलं की निकाल सांगून झाला. घाणा टिकला, हे दहाव्या सेकंदालाच कळलं, तर पहिल्या वर्षाची अडचण ऐकायला कोणी का थांबावं? "आज ज्यांची उलाढाल एक कोटी आहे" ही सुरुवात याच कारणाने पडते. ती पाहुण्याला मोठं करते आणि त्याच्या पहिल्या वर्षातली धास्ती काढून घेते.

दुरुस्त केलेली सुरुवात अशी:

> (घाणा चालू असल्याचा आवाज, दोन सेकंद)
>
> उद्योजक: "शेंगदाणा रोखीनं घ्यायचा, तेल उधारीवर द्यायचं. तेल खपत होतं, आणि घाणा बंद पडायची वेळ आली होती."
>
> (घाण्याचा आवाज थांबतो, एक सेकंद शांतता)
>
> निवेदक: "बार्शी. घाणा सुरू होऊन सहा महिने झालेत. तेलाला गिऱ्हाईक आहे. उद्याच्या शेंगदाण्याला पैसे नाहीत."

उद्योजकाचे सोळा शब्द, निवेदकाचे चौदा. आवाज आणि विराम धरून हे अठरा ते वीस सेकंदांत बसतं. निवेदक वर्तमानकाळात बोलतो आहे, हे पाहा. उद्योजक भूतकाळात सांगतो, कारण त्याच्यावरून ते वर्ष गेलेलं आहे. निवेदक मात्र ऐकणाऱ्याला त्या सहाव्या महिन्यात उभं करतो आणि तिथेच सोडतो. गावाचं नाव एकटं, सुट्टं ठेवलंय. "सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यातील" एवढं लांबण लावायचं कारण नाही. बार्शी ज्यांना माहीत आहे त्यांच्या कानांना नाव पुरतं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना पुढच्या ओळीवरून गावाचा अंदाज येतो.

उद्योजकाचं नाव इथे घातलेलं नाही, तेही मुद्दाम. अनोळखी माणसाचं नाव पहिल्या वीस सेकंदांत ऐकलं तर ते कोणाच्या लक्षात राहत नाही. आधी अडचण कळू द्या, नाव पहिल्या भागात येईलच.

आकडे आणि बोली

मराठी आकडे कानाला फसवतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि अडुसष्ट, सत्याहत्तर आणि सत्याऐंशी हे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, त्यात रस्त्याचा आवाज असेल तर, वेगळे ओळखू येत नाहीत. सुरुवातीच्या वीस सेकंदांत जास्तीत जास्त एक आकडा ठेवा आणि तो सव्वा, दीड, अडीच, साडेचार अशा मापात बसवा. "दोन लाख अठ्ठावीस हजार" याच्याऐवजी "सव्वादोन लाख" लगेच पोचतं आणि खोटंही ठरत नाही. नेमका आकडा भागाच्या आत सांगा. वरच्या नमुन्यात "सहा" एवढाच आकडा आहे आणि तेवढाच पुरेसा आहे.

तारखांच्या बाबतीत "यंदा", "गेल्या महिन्यात", "नुकतंच" हे शब्द ट्रेलरमधून काढून टाका. ट्रेलर कार्यक्रमाच्या पानावर वर्षानुवर्षं पहिला दिसत राहतो. "दिवाळीच्या आदल्या आठवड्यात", "सुगी संपल्यावर" असं सांगितलं तर ते जुनं होत नाही. शिवाय छोट्या गावात धंद्याचं वर्ष तसंच मोजलं जातं.

उद्योजकाची बोली दुरुस्त करू नका. त्याने "रोखीनं" म्हटलं तर ते "रोखीने" करण्यासाठी पुन्हा बोलायला लावू नका. दुसऱ्यांदा बोलताना माणूस वाचून दाखवल्यासारखा बोलतो आणि वाक्य मरतं. शब्द दुसऱ्या जिल्ह्यात कळणार नाही असं वाटलं, तर अर्थ निवेदकाच्या पुढच्या वाक्यात सहज येऊ द्या.

ध्वनिमुद्रणात काय बिघडतं

घाण्याचा आवाज हवा आहे, पण तो मुलाखतीच्या खाली नको. बोलणं घाणा बंद असताना आणि पंखा बंद करून मुद्रित करा. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत अंतरावर, थोडा बाजूला ठेवा, म्हणजे "प", "फ", "भ" उच्चारताना हवेचा धक्का बसत नाही. बोलणं संपल्यावर घाणा सुरू करून त्याचा एक मिनिटाचा आवाज वेगळा घ्या. मग तो बंद होतानाचा आवाज घ्या, आणि शेवटी त्याच खोलीतली एक मिनिट शांतता. ही शांतता फार लोक विसरतात. दोन वाक्यांमधला खोकला किंवा "म्हणजे काय की" कापला की तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. ते याच शांततेने बुजवतात.

घाण्याच्या आवाजात दोन थर असतात: मोटारीची खालच्या पट्टीतली घरघर आणि लाकडाची वरची करकर. मोबाइलच्या स्पीकरला खालची घरघर जवळपास वाजवताच येत नाही, हेडफोनवर मात्र तीच बोलण्यावर चढून बसते. म्हणून सुरुवातीला करकर ऐकू येईल असा तुकडा निवडा आणि घरघर संपादनाच्या वेळी फिल्टर लावून कमी करा. ऐकताना "हा कसला आवाज?" असा प्रश्न पडत असेल तर तुकडा चुकला.

मुलाखतीची फाइल चॅटच्या ॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून मागवू नका. तिथे आवाज इतका दाबला जातो की सगळे आवाज एकत्र जोडताना, म्हणजे मिसळणीच्या वेळी, "स" आणि "श" फाटतात. फोनवरच्या रेकॉर्डिंग ॲपमधली फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, शक्य तर WAV.

कापताना सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे पहिल्याच शब्दाची सुरुवात जाणं. आवाज हळूहळू चढवायचा म्हणून लांब फेड लावला जातो आणि "शेंगदाणा"चं "गदाणा" होतं. चढता फेड फक्त घाण्याच्या आवाजाला लावा, बोलण्याला नको. संगीत लावायचंच असेल तर ते निवेदकाच्या शेवटच्या वाक्यानंतर, कार्यक्रमाच्या नावाबरोबर येऊ द्या. "पैसे नाहीत"च्या खाली उदास बासरी वाजली की ऐकणाऱ्याला काय वाटावं, हे आपणच ठरवून टाकतो. त्या वाक्याला तिची गरज नाही.

परवानगी दोनदा घ्या

मोठ्या शहरात "एका दुकानदाराने पैसे थकवले" म्हटलं तर कोणालाच काही कळत नाही. बार्शीएवढ्या गावात लाकडी घाण्याचं तेल ठेवणारी दुकानं असून-असून किती असणार? ऐकणारा लगेच अंदाज बांधतो, आणि उद्योजकाला त्याच दुकानदाराला उद्याही माल द्यायचा असतो. बँकेचा हप्ता, भावाकडून घेतलेली रक्कम, सोडून गेलेला कामगार या सगळ्याला हेच लागू आहे. मुलाखतीच्या वेळी दिलेली परवानगी तासाभराच्या गप्पांना असते. ट्रेलरसाठी त्यातली दोन वाक्यं उचलली की त्यांचं वजन बदलतं. म्हणून वीस सेकंदांचा तयार तुकडा प्रसिद्ध करण्याआधी उद्योजकाला ऐकवा आणि होकार लेखी किंवा मुद्रित ठेवा. त्याने नको म्हटलं तर वाक्य काढा. अशा वेळी तिसऱ्या वाक्यासारखा दुकानदाराचा थेट उल्लेख आधी जातो, चौथं बहुधा राहतं, कारण त्यात पद्धत आहे, व्यक्ती नाही.

दूरची दोन वाक्यं जोडून नवा अर्थ तयार करणं तर कधीच नको. "घाणा बंद पडायची वेळ" तो वीजजोडणीबद्दल बोलला असेल आणि आपण ती उधारीला जोडली, तर ते खोटं झालं. जोडलेली वाक्यं मूळ मुद्रणात एकाच उत्तरातली आहेत ना, हे वेळ पाहून तपासा.

पुढची चाळीस सेकंदं आणि चढवणं

सुरुवातीनंतर लगेच कार्यक्रमाचं नाव आणि एका वाक्यात विषय. मग दुसऱ्या गावातला, दुसऱ्या धंद्यातला एक आवाज, म्हणजे हा फक्त तेलाचा कार्यक्रम नाही हे कळतं. तिथे अडचणही वेगळ्या जातीची हवी. इचलकरंजीतला यंत्रमागवाला आणला आणि त्यानेही उधारीचंच सांगितलं, तर दुसऱ्या आवाजाचा उपयोग झाला नाही. कारागीर टिकत नाहीत, हे त्याच्या तोंडून येऊ द्या. शेवटी पहिला भाग कोणत्या वारी येतो ते सांगा. सुरुवातीच्या वीस सेकंदांत तीन-चार माणसांचे तुकडे एकामागून एक लावायची पद्धत आहे, पण अनोळखी आवाज इतक्या वेगाने बदलले की कोण बोलतंय तेच कळत नाही. आमच्या मते सुरुवातीला एकच माणूस हवा.

मिसळणी झाल्यावर एकूण आवाजाची पातळी −16 LUFS च्या आसपास आणि सर्वांत उंच टोक −1 dB च्या खाली ठेवा. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस हीच आहे. फीडमध्ये, म्हणजे ॲपना भागांची यादी पुरवणाऱ्या फाइलमध्ये, ट्रेलर साधा भाग म्हणून चढवला तर तो नव्या भागांच्या खाली गाडला जातो. होस्टिंगच्या पानावर भागाचा प्रकार निवडायची सोय असते. फीड हाताने लिहीत असाल तर ट्रेलरच्या नोंदीत ही ओळ घाला:

```
<itunes:episodeType>trailer</itunes:episodeType>
```

प्रसिद्ध करण्याआधी तुकडा तिघांना ऐकवा: एक धंदा करणारा, एक नोकरी करणारा, आणि एक त्या गावाचा नसलेला. फोनच्या स्पीकरवर, एकदाच. "आवडलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "काय अडचण होती?" असं विचारा. उत्तर "तेल विकलं जात होतं, पण पैसे हातात येत नव्हते" असं आलं तर सुरुवात झाली. "त्याने खूप कष्ट केले" असं आलं तर निवेदकाच्या वाक्यांकडे परत जा. "तेल खपत नव्हतं" असं आलं तर "खपत होतं"वर आवाज दबला आहे. त्या दोन शब्दांची पातळी थोडी वाढवा आणि त्यांच्यानंतर अर्ध्या सेकंदाचा विराम ठेवा.